जागेच्या फोटोवरून आणि कच्च्या रेखाटनावरून घराचे रेंडर

बांधायच्या घराचे संगणकावर उभारलेले रूप त्याच मोकळ्या प्लॉटच्या फोटोत बसवून मालकाला दाखवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात एकटे किंवा एखादा मदतनीस घेऊन काम करणारे आर्किटेक्ट ते करतात. मालक त्याला नुसते ‘थ्रीडी’ म्हणतात. त्यांच्यापैकी पुष्कळजण नोकरीसाठी पुण्या-मुंबईत किंवा फौजेत असतात आणि हे चित्र फोनवर पाहूनच होकार देतात. म्हणून घर देखणे दिसण्याआधी ते त्या जागेवर खऱ्या मापाने उभे असले पाहिजे. हे मुख्यतः फोटो कसा काढला यावर ठरते. सॉफ्टवेअरचे काम त्यानंतरचे.

फोटो

तीस बाय चाळीस फुटांचा, पश्चिमेला रस्ता असलेला प्लॉट घेऊ. दक्षिणेकडचा प्लॉट रिकामा आहे. दोन फूट जोते, दहा-दहा फुटांचे दोन मजले आणि तीन फूट कठडा मिळून घर पंचवीस फूट उंच होईल. रस्त्यापलीकडून, म्हणजे पंचवीस फुटांवरून, फोन आडवा आणि सरळ धरला तर साध्या फोनच्या मुख्य लेन्समध्ये (सुमारे २६ मिलिमीटर समतुल्य) जमिनीपासून साडेसतरा फुटांपर्यंतच दिसते. मग माणूस फोन वर करतो आणि तिथेच घोळ होतो. शेजारच्या घराच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि सरळ उभे केलेले मॉडेल त्यांच्याशी जुळत नाही. ‘अल्ट्रा वाइड’ लेन्सही टाळावी, कारण ती कडेच्या वस्तू ताणते.

उपाय म्हणजे नैर्ऋत्येला तिरपे मागे सरकून प्लॉटच्या जवळच्या कोपऱ्यापासून पन्नास फुटांवर उभे राहणे. दक्षिणेचा प्लॉट रिकामा असल्याने ते जमते. तिथून दर्शनी आणि दक्षिणेची अशा दोन्ही बाजू दिसतात. फोन जमिनीपासून पाच फुटांवर, आडवा आणि सरळच धरावा. कोपऱ्यावर दहा फुटांचा, फूट-फूट रंगवलेला बांबू कुणाला तरी उभा धरायला सांगावे.

हा बांबू फार उपयोगी पडतो. जमीन सपाट असेल तर क्षितिजरेषा त्याला बरोबर पाचव्या फुटावर छेदते, कारण कॅमेऱ्याइतक्या उंचीवरचे सगळे बिंदू फोटोत एकाच रेषेवर येतात. शिवाय माप मिळते. चार हजार बाय तीन हजार पिक्सेलच्या फोटोत पन्नास फुटांवरचा हा बांबू सुमारे सहाशे पिक्सेल भरतो. म्हणजे त्या कोपऱ्यावर एका फुटाला साठ पिक्सेल. त्या हिशेबाने घराचा कोपरा पंधराशे पिक्सेल उंच होईल. क्षितिज चित्राच्या मध्यावर असल्याने त्यातले बाराशे त्याच्या वर जातील आणि आकाशाला तीनशे उरतील. संगणक उघडण्याआधीच एवढे कळते.

फोटो कापू नये, कारण फोटोवरून कॅमेऱ्याची जागा आणि रोख शोधणारी सॉफ्टवेअर चित्राचा मध्य हाच लेन्सचा मध्य धरतात. मालकाने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि लेन्सची माहितीही गळते.

रेखाटन

कागदावरचे रेखाटन फोटोवर चिकटवायचे नसते, ते वाचायचे असते. हाताने काढलेल्या खिडक्या हमखास मोठ्या असतात. वरच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले तर दर्शनी भाग चोवीस फूट उरतो. त्यात रेखाटनातले पोर्च, दार आणि दोन खिडक्या खऱ्या मापाने मावतात का, हे आधी बेरजेने पाहावे. मावत नसतील तर मालकाशी तेव्हाच बोलावे. रंगीत चित्र पाहिल्यावर त्याचे मन त्या खिडक्यांत अडकते. मग फक्त जोते, भिंती, स्लॅब, छज्जे आणि कठडा एवढेच साधे मॉडेल उभे करावे.

कॅमेरा जुळवणे

स्केचअपमध्ये ‘मॅच फोटो’ हे साधन आहे. ब्लेंडर वापरणारे आधी fSpy मध्ये कॅमेरा शोधून घेतात. दोन्हींत एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांच्या रेषा फोटोवर ओढायच्या असतात. एका दिशेला रस्त्याची किंवा दर्शनी कंपाउंडची कड आणि दुसऱ्या दिशेला बाजूचे कंपाउंड घेता येते. नव्या लेआउटमध्ये हे सोपे जाते, पण जुन्या गावठाणात कंपाउंड क्वचितच काटकोनात असते. तिरपी भिंत काटकोनी धरली की सॉफ्टवेअर निमूटपणे चुकीचे उत्तर देते. ते ओळखायची खूण आहे. शोधून निघालेली फोकल लांबी फोटोतल्या नोंदीशी ताडून पाहावी. लेन्स २६ ची असून उत्तर ३५ च्या आसपास आले तर रेषा काटकोनात नव्हत्या. अशा जागी फोटो काढण्याआधीच नऊ-बारा-पंधरा फुटांचा त्रिकोण आखून जमिनीवर फक्कीच्या दोन रेषा माराव्यात. गवंडी पाया आखताना हेच करतो.

शेवटी बांबूच्या खुणांवरून माप पक्के करावे.

ऊन आणि सावली

बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी दोन वाजता तिथे सूर्य जवळजवळ ४५ अंशांवर, दक्षिणेपासून सुमारे ३० अंश पश्चिमेला असतो. म्हणून दहा फुटी बांबूची सावली साधारण दहा फूटच पडते. मॉडेलमध्येही तसाच बांबू उभा करावा. त्याची सावली फोटोतल्या सावलीवर बसली तर उत्तर दिशा, तारीख आणि वेळ तिन्ही बरोबर आहेत. स्थळ टाकायचे राहिले तर स्केचअप अमेरिकेतले बोल्डर शहर धरते आणि सावली दुपटीहून लांब पडते. उत्तर दिशा फोनच्या होकायंत्रावरून घेऊ नये, जवळच्या सळया त्याला फसवतात. मोजणीच्या नकाशावरूनच घ्यावी.

मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. डिसेंबरच्या दुपारी उत्तरेच्या भिंतीवर ऊन दाखवले तर ते खोटे, जूनमध्ये दाखवले तर खरे. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ फोटोत मात्र ठळक सावली घालूच नये, कारण शेजारच्या घराला ती नसते.

मातीचाही रंग भिंतीवर चढतो. खानापूरकडची जांभी माती भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस छटा टाकते. बैलहोंगलकडे काळ्या रानाच्या कडेला तशी छटा चालत नाही. मॉडेलखालच्या अदृश्य जमिनीला फोटोतल्या मातीचा रंग दिला की ही छटा आपोआप येते, आणि हीच जमीन घराची सावली फोटोवर उतरवते.

जोडणी आणि मर्यादा

घराच्या पुढे येणारे झाड, विजेचा खांब आणि तारा फोटोतून कातरून रेंडरवर परत ठेवाव्या लागतात. तारा कातरणे किचकट असल्याने बरेचजण त्या पुसून टाकतात. हे चूक आहे. गॅलरीसमोरचा खांब मालकाला आज दिसला तर तो गॅलरी सरकवू शकतो, स्लॅब टाकल्यावर नाही.

चित्र एकाच जागेवरून खरे असते. मालकाला दुसऱ्या कोपऱ्यातून किंवा समोरच्या गच्चीवरून घर पाहायचे असेल तर तिथून वेगळा फोटो, बांबूसकट, काढावा लागतो. कंत्राटदाराने मापे रेंडरवरून घेऊ नयेत. चित्रावर ‘बांधकामासाठी नाही’ असे लिहून सोबत मापांचे एलिव्हेशन द्यावे.