लघुतम जोड्यांची कसोटी (भाषा मॉडेल)

न्यूरल भाषा मॉडेलला, म्हणजे भरपूर मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकलेल्या संगणकी प्रणालीला, वाक्यरचना कितपत कळते हे तपासण्याची एक पद्धत. एकाच जागी फरक असलेली दोन वाक्ये घेतात, एक व्याकरणशुद्ध आणि दुसरे चुकीचे. मॉडेल दोन्हींना संभाव्यता देते. शुद्ध वाक्याची संभाव्यता जास्त आली तर उत्तर बरोबर धरतात. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात, हे निकाल वाचताना विसरू नये. लिन्झेन, दुपू आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी २०१६ मध्ये इंग्रजीतील कर्ता-क्रियापद मेळ असा तपासला. २०२० च्या ब्लिंप संचात अशा जोड्यांचे ६७ गट असून प्रत्येकात १००० जोड्या आहेत.

मराठीत ही कसोटी लावताना खरी अडचण जोड्या रचण्यात येते. ‘विणकराने चादर विणली’ आणि ‘विणकराने चादर विणला’ ही जोडी सोलापुरात कुणालाही सुचेल. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला आणि कर्माला ‘ला’ नसला की क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. पण इथे ‘चादर’ क्रियापदाला खेटूनच आहे, आणि हे दोन शब्द शेजारी अनेकदा छापले गेले असतील, तर नियम न कळताही मॉडेल पास होईल. म्हणून कर्म लांब न्यावे: ‘चादर माझ्या मामाच्या कारखान्यात त्या विणकराने विणली’. आता मधली नामे सगळी पुल्लिंगी आहेत, म्हणजे नुसते जवळचे नाम पाहणारे मॉडेल ‘विणला’कडे वळेल. एवढ्यानेही भागत नाही, कारण मॉडेलचा ओढा मुळातच ‘विणली’कडे असू शकतो. तेव्हा ‘टॉवेल माझ्या आत्याच्या घरी त्या मुलीने विणला’ अशी उलटी जोडीही हवी. दोन्हीकडे बरोबर उत्तर आले तरच मेळ लांबवर सांभाळला जातो असे म्हणता येते. क्रियापदापर्यंतचे शब्द जोडीत सारखेच असल्याने संभाव्यतेतला फरक त्या शेवटच्या रूपाचाच असतो.

यावरून माणसाच्या व्याकरणाबद्दल मात्र फार थोडे कळते. सोलापूर भागात पुरुषांच्या तोंडी ‘मी काम केलो’ सर्रास ऐकू येते. छापील मराठीत ‘मी काम केले’. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, त्यामुळे क्रियापदाचा मेळ थेट ‘मी’शी बसवणे ही बोलणाऱ्याच्या दृष्टीने नियमाला धरूनच असलेली रचना आहे. प्रामुख्याने वर्तमानपत्री मजकुरावर शिकलेले मॉडेल ‘केलो’ला कमी संभाव्यता देईल, अशीच अपेक्षा आहे. तो आकडा ‘असे कुणी बोलत नाही’ आणि ‘असे क्वचित छापले जाते’ यांत भेद करत नाही. जोडीतले कोणते वाक्य शुद्ध, हे आधी संशोधकाने ठरवलेले असते, आणि तो प्रमाण मराठी बोलणारा असेल तर सोलापूरकराचे व्याकरण इथे चूक म्हणूनच नोंदले जाते. ते समजून घ्यायचे तर मॉडेलचे आकडे बाजूला ठेवून तिथल्या बोलणाऱ्यांनाच दोन्ही वाक्ये ऐकवून विचारावे लागते. तेही घरच्या बोलीत, कारण शाळेच्या भाषेत विचारले की बरेच जण पुस्तकी उत्तर देतात.