लहान मुलाचं पॅन कार्ड: फॉर्म मुलाचा, सही पालकाची, आणि अडतं कुठं

लहान मुलांना पॅन काढता येतं का, तर हो, वयाची कुठलीही अट नाही, अगदी तान्ह्या बाळाचंही निघतं. पण सगळ्यांनी काढायलाच पाहिजे असंही नाही हं. मुलाच्या नावानं म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू करायची असेल तर बहुतेक ठिकाणी पालकाचं पॅन आणि केवायसी चालतं. पण मुलाच्या नावानं डिमॅट उघडायचं असलं की मुलाचं स्वतःचं पॅन लागतंच, त्याला पर्याय नाही. आणि ही गरज सगळ्यात जास्त येते ती घरातलं कोणी गेल्यावर, शेअर्स मुलांच्या नावावर करायचे असतात तेव्हा. म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगतो.

समजा आर्या नऊ वर्षांची आहे, वडील सुनील जाधव वारले, त्यांच्या डिमॅटमध्ये काही शेअर्स होते आणि नॉमिनी म्हणून आर्याचं नाव होतं. आता ते शेअर्स तिच्याकडे ट्रान्समिट व्हायचे तर तिच्या नावाचं डिमॅट पाहिजे, त्यासाठी पॅन पाहिजे, आणि अर्ज करणार आई. वडिलांनंतर आई ही नैसर्गिक पालक असते त्यामुळे तिला कोर्टात जावं लागत नाही. आजोबा किंवा काका अर्ज करणार असतील तर मात्र गोष्ट वेगळी, ते कितीही सांभाळत असले तरी कायद्यानं आपोआप पालक होत नाहीत, त्यांना कोर्टाचा पालकत्वाचा आदेश लागतो. आईवडील दोघंही नसतील अशा घरात हे काम आधी हातात घ्या, कारण वेळ सगळा तिथंच जातो.

अर्ज प्रोटीअन (जुनं एनएसडीएल) किंवा यूटीआयच्या पॅन सेवेच्या साइटवर होतो, किंवा जवळच्या पॅन सेंटरवर कागदी फॉर्म भरून. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दहा मिनिटांत फुकट मिळणारं जे इन्स्टंट ई-पॅन आहे ते अल्पवयीन मुलांना मिळत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. आपल्याला लागतो तो भारतीय नागरिकांचा नवीन पॅनचा फॉर्म, ज्याला सगळे ४९ए म्हणून ओळखतात. फी साधारण शंभर रुपयांच्या आसपास, कार्ड घरी यायचं असेल तर.

फॉर्ममध्ये अर्जदार म्हणजे आर्या. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं तिचं. इथं आपल्याकडची नेहमीची गडबड म्हणजे नावाचा क्रम, फॉर्ममध्ये आडनाव आधी, मग नाव, मग मधलं नाव, आणि मधल्या नावात नुसतं एस टाकून चालत नाही, सुनील पूर्ण लिहायचं. वडिलांच्या नावाच्या रकान्यात सुनील जाधव एवढंच, पुढे कै. किंवा लेट काही लावायचं नाही. आई एकल पालक असेल आणि फक्त आईचंच नाव द्यायचं असेल तर तसा पर्याय फॉर्ममध्येच आहे, डिसेंबर २०१८ पासून वडिलांच्या नावाची सक्ती त्या बाबतीत उठलीय.

आता मुख्य भाग, जो लोक रिकामा सोडतात आणि मग अर्ज अडकतो. फॉर्मच्या शेवटाकडे रिप्रेझेंटेटिव्ह असेसीचा रकाना आहे, म्हणजे मुलाच्या वतीनं टॅक्सच्या कामात उभा राहणारा माणूस. मोठ्या माणसाच्या अर्जात तो रिकामाच असतो म्हणून सेंटरवाले सवयीनं पुढे जातात. मुलाच्या अर्जात तिथं आईचं पूर्ण नाव आणि पत्ता आलाच पाहिजे. खाली डिक्लरेशनमध्येही आईचं नाव, आणि कोणत्या नात्यानं सही करताय तिथं स्वतः असं न निवडता रिप्रेझेंटेटिव्ह असेसी. सही आईची, चौकटीच्या आत. मुलीला सही येत असली तरी तिची घ्यायची नाही, आणि जोडलेल्या सगळ्या झेरॉक्सवर पण आईचीच सही.

कागदपत्रं फार नाहीत. आईचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, तिचं आधार दोन्हीला चालतं, आणि पालकाचा पुरावा हाच मुलाचा ओळख-पत्त्याचा पुरावा धरला जातो. आर्याचं आधार लागणारच, कारण जुलै २०२५ पासून नवीन पॅनला आधार सक्तीचं झालंय. आणि जन्मतारखेसाठी जन्मदाखला, तो जोडाच. दाखला एकदा नीट उघडून बघा, कारण बाळाचं नाव ठेवायच्या आधी काढलेल्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, तो उपयोगाचा नाही, आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यावं लागतं. दाखल्यावर आणि आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या, मगच अर्ज. कोर्टानं नेमलेला पालक असेल तर आदेशाची प्रत सोबत.

ऑनलाइन भरून कागद पोस्टानं पाठवणार असाल तर पोचपावतीची प्रिंट काढून, त्यावर सही करून मुदतीत पाठवा. ईमेलवर येणाऱ्या पीडीएफचा पासवर्ड असतो मुलाची जन्मतारीख, सलग आठ आकडे, बरेच जण आपली टाकत बसतात. कार्डावर मुलाचा फोटो आणि सही नसते, ते बघून घाबरू नका, कार्ड बरोबरच आहे.

पॅन आलं म्हणजे टॅक्स मुलीचा वेगळा झाला असं नाही. अल्पवयीन मुलाचं व्याज, डिव्हिडंड वगैरे आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, वारसानं आलेल्या शेअर्सचं असलं तरी. आर्याच्या बाबतीत ते आईच्या उत्पन्नात जाणार. समजा एका कंपनीनं वर्षात १२,००० डिव्हिडंड दिला, तर १० टक्क्यांनी १,२०० टीडीएस आर्याच्या पॅनवर कापला जाईल, पॅन नसतं तर २० टक्के म्हणजे २,४०० गेले असते. हे १,२०० आईनं स्वतःच्या रिटर्नमध्ये दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला टीडीएस म्हणून दाखवायचे, आर्याचा पॅन नंबर देऊन. त्यासाठी आयटीआर-२ लागतो, साध्या आयटीआर-१ मध्ये ते क्रेडिट घेता येत नाही. कंपनीला आधीच लेखी कळवलं तर टीडीएस थेट आईच्या पॅनवर लावून घेता येतो. आईवडील दोघंही नसतील तर ज्याच्या उत्पन्नात हे मिळवायचं असं कोणी उरत नाही, मग मुलाच्याच पॅनवर पालक रिटर्न भरतो.

आणि अठरा पूर्ण झाल्यावर नवीन पॅन काढायचं नाही. नंबर आयुष्यभर तोच. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये फोटो आणि सही या दोन खुणा करून मुलानं स्वतः सही करून अर्ज द्यायचा, की फोटोवालं कार्ड येतं. दुसरं पॅन निघालं तर १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. डिमॅट पण तेव्हाच अल्पवयीनाचं बदलून सज्ञानाचं करून घ्या, नाहीतर शेअर्स विकायच्या वेळी खातं अडकलेलं सापडतं.