सेफ्टी स्टॉक किती ठेवायचा? ६२०४ बेअरिंगचा पूर्ण हिशेब

हे पत्रक आमच्याकडून स्टॉकचा हिशेब करून घेणाऱ्या नागपुरातल्या बेअरिंग, बेल्ट आणि पंपांच्या दुकानदारांसाठी आहे. ‘पंधरा दिवसांचा माल जास्तीचा ठेवा’ हा ठोकताळा बऱ्याच दुकानांत चालतो. त्यामुळे ज्या मालाचा खप दर आठवड्याला जवळपास सारखा असतो त्यात विनाकारण पैसा अडकतो, आणि ज्याचा खप फार वरखाली होतो तो माल तरीही संपतो. सेफ्टी स्टॉक ठरवताना खप किती आहे यापेक्षा तो किती हलतो हे बघावं लागतं.

सूत्र असं आहे:

SS = Z × σ × √L

σ म्हणजे खपाचं प्रमाण विचलन, L म्हणजे माल यायला लागणारा काळ, आणि Z हा तुम्ही ठरवलेल्या सर्व्हिस लेव्हलचा आकडा.

६२०४ बेअरिंगचा आठ आठवड्यांचा खप घेऊ: ४६, ५८, ३९, ५२, ६१, ४४, ५५, ४५ नग. इथे हिशेब दिसावा म्हणून आठच घेतले आहेत. खरा हिशेब निदान सहा महिन्यांच्या आकड्यांवर करा. बेरीज ४००, म्हणून सरासरी ५०. प्रत्येक आठवड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग केला की बेरीज ४१२ येते. तिला ७ ने (आठ वजा एक) भागलं की ५८.८६, आणि त्याचं वर्गमूळ ७.६७. हा झाला σ.

माल यायला २ आठवडे लागतात असं धरू. ऑर्डर दिल्यापासून नग मोजून रॅकवर लागेपर्यंतचा सगळा काळ यात येतो. बिल्टी हातात आली म्हणजे माल आला असं नाही. √२ म्हणजे १.४१४, म्हणून ७.६७ × १.४१४ = १०.८५. दोनने न गुणता वर्गमूळाने गुणायचं, कारण एका आठवड्याची वाढ पुढच्या आठवड्याच्या घटीत काही अंशी जिरते. इथे एक चूक सर्रास होते: σ आठवड्याचा आणि L दिवसांत, म्हणजे १४, धरला जातो. मग उत्तर अडीच पटीहून जास्त फुगतं. दोन्हींचं एकक एकच हवं.

९५% सर्व्हिस लेव्हलला Z = १.६४५. १.६४५ × १०.८५ = १७.८५, म्हणजे १८ नग. सरासरी खपाचे दोन आठवड्यांचे १०० नग त्यात मिळवले की ऑर्डर पॉइंट ११८. रॅकवरचे आणि वाटेत असलेले नग मिळून ११८ वर आले की ऑर्डर द्यायची.

एक्सेलमध्ये खप B2 ते B9 मध्ये आणि L हा D1 मध्ये लिहून:

```
=ROUNDUP(NORM.S.INV(0.95)*STDEV.S(B2:B9)*SQRT(D1),0)
```

९५% चा अर्थ नीट समजून घ्या. शंभर वेळा ऑर्डर दिली, तर नवा माल येईपर्यंत साधारण ९५ वेळा तुटवडा पडणार नाही. शंभरातल्या पाच गिऱ्हाइकांना माल मिळणार नाही, असा तो अर्थ नव्हे. ९०% ला १४ नग लागतात, ९५% ला १८, ९९% ला २६ आणि ९९.९% ला ३४. शेवटच्या जेमतेम एका टक्क्यासाठी आठ नग वाढतात. आमच्या मते ९९% फक्त अशाच मालाला ठेवा, जो नसला तर गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसरीकडून घेतं.

आता आकडे कुठे फसवतात ते पाहा. माल संपलेल्या आठवड्यात विक्री २० दिसते, पण मागणी ५० ची असू शकते. म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक काउंटरवरच्या वहीत नोंदवा, नाहीतर तो आठवडा हिशेबातून वगळा. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने शटडाउनसाठी आधी सांगून ६० नग नेले, तर तेही वगळा. ती आधी माहीत असलेली मागणी आहे, तिची ऑर्डर वेगळी द्या. कूलरच्या पंपाला वर्षभराचा σ लावू नका. त्यात उन्हाळा आणि पावसाळा यांतला फरकच मोजला जातो. फक्त सीझनच्या आठवड्यांचा σ काढा.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो पुरवठादार वेळ पाळत नाही तेव्हा. वरचं सूत्र L पक्का धरतं. तो हलत असेल तर हे वापरा:

SS = Z × √(L × σ² + d² × s²)

d म्हणजे सरासरी खप, s म्हणजे माल यायच्या काळाचं प्रमाण विचलन. s अर्धा आठवडा असला, तर आत ११७.७ + ६२५ = ७४२.७, वर्गमूळ २७.२५, आणि ९५% ला उत्तर ४५ नग. तोच माल, तोच खप, पण १८ चे ४५ झाले. म्हणून प्रत्येक खरेदी बिलावर ऑर्डरची तारीख आणि माल रॅकवर लागल्याची तारीख लिहून ठेवा. पुढचा हिशेब करताना आम्हाला त्याच दोन तारखा लागतात.