पहिल्या मिनिटाचा कान

नव्या सहकारी बाई दारातच हात जोडून म्हणाल्या, "नमस्कार. मी मंगयवारीच येनार होती, पन गाडी चुकली." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असू द्या हो, मंगयवार काय नि बुधवार काय!"

चेष्टा करायचा विचार मनात नव्हता. पण त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या एकेक शब्द पारखून, छापील पुस्तकासारखं बोलत राहिल्या. मंगळवार हा शब्द त्यांनी त्यानंतर टाळलाच. 'परवा' म्हणाल्या.

माझ्या तोंडात तो 'य' आला कुठून? याचं उत्तर भाषाविज्ञानात आहे. सुरुवात मात्र त्याच्याही आधी, निव्वळ 'नमस्कार'पाशी करावी लागते, कारण बोलीची ओळख तिथेच पटलेली असते. १९९९ साली पर्नेल, इड्सार्डी आणि बॉ या अमेरिकी संशोधकांनी लोकांना फक्त 'हॅलो' एवढा एक शब्द ऐकवला. बोलणारा एकच माणूस, पण तो तीन वेगवेगळ्या बोलींत बोलायचा. शब्दाची लांबी अर्ध्या सेकंदाहून कमी. तेवढ्यावरून ऐकणाऱ्यांनी सत्तर टक्क्यांहून अधिक वेळा बोली बरोबर ओळखली. म्हणजे 'मी लक्षच दिलं नाही' असं आपण कितीही म्हटलं, तरी समोरच्याचा हेल वेगळा आहे हे कानाने टिपलेलं असतंच. ते थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. प्रश्न त्यापुढच्या मिनिटाचा आहे.

एक मिनिट हे मी उगाच म्हणत नाही. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना परक्या उच्चारातली इंग्रजी वाक्यं ऐकवली आणि त्यांना शब्द ओळखायला किती वेळ लागतो ते मोजलं. सुरुवातीला प्रतिसाद मंदावला. पण ही अडचण मिनिटभरात बरीच ओसरली, काहींच्या बाबतीत तर दोन ते चार वाक्यांतच. नवखा उच्चार जड जातो तो असा अगदी सुरुवातीला. दुर्दैवाने नमस्कार-चमत्कार नेमके तेव्हाच होतात, कान अजून जुळायचा असताना.

कान जुळतो म्हणजे नेमकं काय होतं? नॉरिस, मॅक्वीन आणि कटलर यांचा २००३ चा प्रयोग इथे फार उपयोगी आहे. त्यांनी डच भाषेत 'फ' आणि 'स' यांच्या अधलामधला एक संदिग्ध ध्वनी तयार केला. काहींना तो अशा शब्दांत ऐकवला जिथे 'फ'च बसतो, काहींना अशा शब्दांत जिथे 'स'च बसतो. असे जेमतेम वीस शब्द एका लांब यादीत विखुरलेले होते. यादी संपल्यावर पहिल्या गटाला तोच ध्वनी 'फ'कडे झुकलेला वाटू लागला आणि दुसऱ्या गटाला 'स'कडे. कोणी काही शिकवलं नव्हतं. शब्द आधीपासून ठाऊक होता, म्हणून मेंदूने त्या शब्दाच्या आधाराने ध्वनीची हद्द सरकवली.

आता 'मंगयवार' घ्या. असा शब्द माझ्या डोक्यातल्या कोशात नाही, 'मंगळवार' आहे. 'डोया' नाही, 'डोळा' आहे. अशी दोन-चार उदाहरणं कानावर पडली की मेंदू मुकाट्याने नोंद करतो: या व्यक्तीच्या बोलण्यात या जागी 'य' आला तर तो माझा 'ळ' समजायचा. हे व्हायला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे त्या व्यक्तीचं पुरेसं, सलग, नेहमीच्या शब्दांतलं बोलणं. आणि नक्कल केली, चूक काढली किंवा उच्चारावर शेरा मारला की नेमकं तेच बंद पडतं. माणूस तुटक बोलू लागतो, अवघड वाटणारे शब्द गाळतो. कानाला शिकायला लागणारा कच्चा माल आपण स्वतःच आटवतो. बाई 'परवा' म्हणाल्या तेव्हा माझी एक वाक्यभर शिकवणी बुडाली, असं म्हणायला हरकत नाही.

माझ्या तोंडातल्या 'य'कडे परत येतो. गप्पा मारताना माणसं नकळत एकमेकांच्या वेगाकडे, सुराकडे, स्वरांकडे सरकतात. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात यावर सिद्धान्त मांडला. समोरच्याशी जवळीक हवी असली की बोलणं त्याच्याकडे झुकतं, अंतर राखायचं असलं की दूर जातं. म्हणजे माझा हेतू बहुधा वाईट नव्हता, उलट जीभ जवळ जायला बघत होती. पण हे आपोआप होणारं झुकणं इतकं बारीक असतं की ते मोजायला रेकॉर्डिंग लागतं. एखाददुसरा ठळक ध्वनी उचलून पूर्ण शब्दच्या शब्द परत करणं ही वेगळी गोष्ट. त्यात बोलीचा बाकी सगळा बारकावा गळतो आणि वेगळेपणाचं तेवढं टोक उरतं. व्यंगचित्रकार नाक काढतो तसं. समोरच्याला ते नाकच दिसतं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. २०१० साली अॅडँक, हॅगोर्ट आणि बेकरिंग यांनी दाखवलं की अनोळखी उच्चाराची मुद्दाम नक्कल केली तर तो उच्चार अधिक चांगला समजू लागतो. नुसतं ऐकणाऱ्यांना, किंवा तीच वाक्यं आपल्या नेहमीच्या उच्चारात म्हणणाऱ्यांना हा फायदा झाला नाही. मग नक्कल चांगलीच की! फक्त, त्या प्रयोगात समोर होतं ते रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगला चेहरा नसतो. एखाद्या बोलीची खरोखर सवय करून घ्यायची असेल तर घरी रेकॉर्डिंग लावून खुशाल नक्कल करावी. दारात उभ्या असलेल्या माणसावर तो सराव करू नये.

दुरुस्तीचं गणित जरा नाजूक आहे, कारण दुरुस्ती बऱ्याचदा दुरुस्तीच्या वेषात येत नाही. "मंगळवारी म्हणायचंय का तुम्हाला?" हा उघड प्रकार. त्यात चाललेलं बोलणं थांबतं आणि शब्द टेबलावर ठेवला जातो. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांनी याच्या शेजारी दुसरा प्रकार ठेवला: बोलणं न थांबवता, आपल्या वाक्याच्या ओघातच वेगळा शब्द येऊन जातो. मी म्हणायला हवं होतं ते इतकंच: "या, या. मंगळवारपासूनच तुमची जागा लावून ठेवलीय, ही खिडकीजवळची." 'मंगळवार' मी माझ्या सवयीने म्हणालो, त्या त्यांच्या सवयीने म्हणाल्या, आणि वाक्य खिडकीकडे गेलं. त्याच वाक्यात मी 'ळ'वर किंचित जोर दिला असता, किंवा त्याआधी अर्धा क्षण थांबलो असतो, तर ती उघड दुरुस्ती झाली असती. शब्द तेच, फरक फक्त आघाताचा. आपला 'ळ' टाळून 'त्या दिवशी' वगैरे म्हणायची कसरतही नको. तीही समोरच्याला कळते.

अजून एक चूक भलेपणातून होते: मोठ्याने आणि हळूहळू बोलणं. यात अडचणीची दिशाच उलटी धरलेली असते. मला त्यांचा उच्चार जड जातोय. त्यांना माझा जड जातोय असं कुठे दिसलंय? प्रमाण मराठी त्यांनी रेडिओवर, शाळेत, वर्तमानपत्रात आयुष्यभर पचवलेली असते. बहिरेपण माझं आणि आवाज मी त्यांच्यासाठी चढवतो. "किती गोड बोलता तुम्ही!" हेही मी याच खात्यात टाकतो. आणि "कुठले तुम्ही?" हा एरवी अगदी साधा प्रश्न, पण पहिल्या वाक्यावर लगेच आला तर 'तुमचं म्हणणं नव्हे, हेल ऐकला' एवढंच त्यातून पोचतं. तोच प्रश्न दहा मिनिटांनी, प्रवासाच्या गप्पांत आला तर काही वाटत नाही.

पण खरंच समजलं नाही तर? तर विचारायचं, बिनदिक्कत. डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगातल्या बारा भाषांतल्या रोजच्या गप्पा तपासल्या. 'काय?', 'कोण म्हणालात?' असली पृच्छा सरासरी दर १.४ मिनिटांनी होते, आणि तीही बहुतांशी एकच बोली बोलणाऱ्या माणसांमध्ये. न समजणं हा काही परक्या उच्चाराचा खास दोष नाही. त्याच अभ्यासात दिसलं की माणसं जमेल तितकी नेमकी पृच्छा करतात. "आँ?" म्हटलं की समोरच्याला अख्खं वाक्य पुन्हा सांगावं लागतं, आणि नेमकं काय बिघडलं हे कळत नसल्याने तो आपल्या उच्चारावरच संशय घेतो. "गाडी चुकली इथवर कळलं, पुढे कुठे थांबलात?" असं विचारलं की नव्वद टक्के वाक्य पोचल्याची पावती मिळते आणि उरलेलं तेवढं परत येतं. समजल्यासारखी मान डोलावणं सगळ्यात वाईट. दोन वाक्यांनी ते उघडं पडतंच.

या सगळ्याला अपवाद एकच, नाव. मंगळवार सगळ्यांचा आहे, नाव मात्र ज्याचं त्याचं. ते मालक म्हणतो तसंच म्हणायचा प्रयत्न करायचा, आणि ती नक्कल ठरत नाही. इथेही पृच्छा नेमकी हवी: "तुमच्या नावातला ज 'जन्म'मधला की 'जग'मधला?" लिपीत दोन्ही एकच दिसतात, म्हणून तोंडाने विचारावंच लागतं. काही ध्वनी मात्र प्रयत्न करूनही हाती लागत नाहीत. १९८४ साली वर्कर आणि टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात, आणि दहा-बारा महिन्यांची होईतो त्यांची ती क्षमता बरीच मावळते. आपल्या भाषेत नसलेल्या फरकांबाबत आपलंही तेच झालेलं असतं. म्हणून नाव दोनदा म्हणून बघावं, जमेल तितकं जवळ जावं, आणि पुढच्या विषयाकडे वळावं. पाच वेळा "बरोबर म्हटलं का?" विचारलं की ओझं पुन्हा त्यांच्यावरच पडतं.

बाईंशी माझं पुढे नीट जमलं. तिसऱ्या आठवड्यात बैठकीची तारीख ठरत होती, त्या काहीतरी म्हणाल्या, मी वहीत 'मंगळवार, ११ वाजता' लिहिलं. शेजारचा नवा मुलगा कुजबुजला, "काय म्हणाल्या त्या, मंगय?" मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मला तो 'य' ऐकूच आला नव्हता.