एका ‘च’चे दोन उच्चार आणि फोनने लिहिलेले भलतेच वाक्य

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहणाऱ्या माझ्या आत्याला चष्मा लावूनही फोनवरची बारीक अक्षरे टिपता येत नाहीत, म्हणून ती निरोप बोलून पाठवते. तिच्या थोरल्या मुलाला घरात सगळे दादा म्हणतात आणि त्याचा जेवणाचा डबा धाकटा मुलगा दुकानावर नेऊन देतो. एकदा तिने धाकट्याला निरोप दिला, ‘दादाचा डबा तयार आहे.’ फोनने लिहिले, ‘दादाच्या डब्यात यार आहे.’ मी शेजारीच बसलो होतो. वाक्य स्वच्छ होते, खोलीत दुसरा आवाज नव्हता आणि तिचा एकही शब्द अडखळला नव्हता. तरीही चार शब्दांपैकी तीन चुकले, आणि नीट पाहिल्यास हे तिन्ही शब्द एकाच ध्वनीमुळे चुकले.

मराठीत ‘च’ हे अक्षर एक असले तरी त्याचे उच्चार दोन आहेत. ‘चाक’, ‘चोर’, ‘चमचा’ या शब्दांत जीभ दातांच्या मुळाशी टेकते आणि ‘त्स’च्या जवळचा आवाज येतो; व्याकरणात त्याला दंततालव्य च म्हणतात. ‘चहा’, ‘चार’, ‘विचार’ यांतला च तालव्य आहे, म्हणजे जीभ थोडी मागे, टाळूकडे जाते. लिपी हा फरक दाखवत नाही, त्यामुळे तो कानानेच शिकावा लागतो. षष्ठीच्या प्रत्ययात मात्र या फरकावर व्याकरणाचा भार पडतो. पुण्यातला माणूस ‘दादाचा’ म्हणताना दंततालव्य च उच्चारतो आणि ‘दादाच्या’ म्हणताना तालव्य. शिवाय भरभर बोलताना ‘च्या’मधला य बहुधा त्या तालव्य च मध्येच विरघळून जातो. कागदावर या दोन रूपांत जोडलेला य दिसतो, पण कानाला जाणवणारा मुख्य फरक च च्या जातीचा असतो. ‘माझा’ आणि ‘माझ्या’ यांचेही तसेच आहे.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचे पुढे लश्कर हे शहर झाले. तिथल्या मराठी घरांना हिंदीच्या शेजारात दोनशे वर्षे झाली. हिंदीत च, ज, झ हे तालव्यच आहेत. घरात मराठी, पण शाळा, बाजार आणि शेजार हिंदीत, अशा वाढीत दंततालव्य उच्चार टिकवून धरायला लिपीची मदत मिळत नाही, कारण दोन्ही भाषांची अक्षरे एकच. आत्याचा ‘दादाचा’ त्यामुळे तालव्य आहे. मात्र ती ‘दादाच्या’ म्हणते तेव्हा य अगदी स्पष्ट उच्चारते, जसा लिहिला आहे तसा. म्हणजे ‘चा’ आणि ‘च्या’ यांतला भेद तिच्या बोलण्यात हरवलेला नाही. पुण्यात तो च मध्ये आहे आणि आत्याच्या घरात तो य मध्ये आहे. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण तिच्या उच्चाराला अशुद्ध म्हणून बाजूला सारणाऱ्यांना ही व्यवस्था दिसतच नाही.

आता यंत्राकडे पाहू. फोन आवाजाची सेकंदाला साधारण १६,००० मोजमापे घेतो, त्यांचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून १० मिलिसेकंद पुढे सरकवतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे मोजले की आवाजाचे एक चित्र तयार होते, ज्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. दंततालव्य च च्या शेवटी ‘स’सारखी सूं असते आणि तिचा जोर बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वर असतो, तालव्य च च्या शेवटची सूं ‘श’सारखी असते आणि तिचा जोर त्याखालीही, २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपासपासून सुरू झालेला दिसतो. Praat नावाच्या मोफत प्रणालीत हे चित्र कोणालाही घरच्या संगणकावर पाहता येते.

हे चित्र पाहून अक्षरे सुचवणारे जाळे माणसांनी बोललेल्या आणि लिहून काढलेल्या हजारो तासांच्या आवाजावर शिकलेले असते. त्यातले मराठी बोलणे मुख्यतः महाराष्ट्रातले असेल, तर शब्दाच्या शेवटी तालव्य च आणि त्यापुढे आ आला की लेखनात जवळजवळ नेहमी ‘च्या’ असतो, हा धडा ते पक्का शिकते. आत्याचा ‘चा’ ऐकल्यावर ते गोंधळत नाही. ते ठामपणे ‘च्या’ म्हणते. यंत्राने ऐकलेले चुकीचे नसते, त्या ऐकण्याला कोणता अर्थ लावायचा हे त्याला भलत्याच गावातून शिकवलेले असते.

पण मग पुढचे ‘डबा तयार’ कशामुळे बिघडले? यंत्र केवळ कानावर विसंबत नाही. त्याच्याकडे भाषेचा अंदाजही असतो, म्हणजे अमुक शब्दापुढे तमुक शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब. ‘दादाच्या’ एकदा धरले की पुढे सामान्यरूप हवे : घरी, हातात, डब्यात. ‘दादाच्या डबा’ असे मराठीत कोणी लिहीत नाही. आता ‘डबा तयार’ भरभर म्हणून पाहावे. ‘तयार’चा त मागच्या शब्दाला जोडला आणि मध्ये एक य मानला, की ‘डब्यात यार’ तयार होते. बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा नसतेच, ती आपण लिहिताना सोडतो. त्यामुळे तुकडे कुठे पाडायचे हेही यंत्राला अंदाजानेच ठरवावे लागते. पहिला अंदाज चुकला की त्याला जुळवून घेण्यासाठी पुढचे तुकडे वेगळ्या जागी पडतात.

गणित समजावे म्हणून काही आकडे मानून चालू. समजा, आत्याचा ध्वनी ऐकून यंत्राने ‘च्या’ला १०० पैकी ९८ आणि ‘चा’ला २ गुण दिले. म्हणजे चुकीचा पर्याय इथेच ४९ पट पुढे गेला. पुढच्या भागात ‘डबा तयार’ हे ‘डब्यात यार’पेक्षा आवाजाशी दुप्पट जुळते, असे धरू. भाषेच्या हिशेबातही ‘दादाचा डबा तयार आहे’ हे वाक्य दुसऱ्यापेक्षा २० पट संभाव्य आहे, असे धरू. योग्य वाक्याची बाजू २ गुणिले २०, म्हणजे ४० पट भरली. ४९ पुढे ४० कमी पडतात आणि चुकीचे वाक्य पडद्यावर येते. आता पहिल्याच ठिकाणी ‘चा’ला २ ऐवजी ५ गुण मिळाले असते, तर चुकीची आघाडी फक्त १९ पट उरली असती आणि योग्य वाक्य सहज जिंकले असते. तेच वाक्य सकाळी बरोबर आणि दुपारी चूक का येते, याचे उत्तर यात आहे. आत्याच्या आवाजात दोन्ही वेळा आपल्याला कळणारा फरक नसतो, पण एखाद्या ध्वनीचे गुण दोनावरून पाचावर जायला तो पुरेसा असतो. प्रत्यक्षात यंत्र सगळेच पर्याय शेवटपर्यंत सांभाळतही नाही. फार मागे पडलेला पर्याय ते वाटेतच सोडून देते, आणि नंतर ‘डबा’ कितीही स्पष्ट ऐकू आला तरी सोडलेला ‘चा’ परत येत नाही.

फोन चुकला की आत्या तेच करते जे आपण सगळे करतो : आवाज चढवते आणि शब्द तोडून बोलते. ‘दादा... चा... डबा.’ त्यावर फोनने ‘दादा चहा डबा’ लिहिले. सुटा, लांबवलेला, तालव्य ‘चा’ यंत्राच्या माहितीत ‘चहा’च्या सर्वांत जवळ आहे. शिवाय ते सलग बोलण्यावर शिकलेले असते. प्रत्यय शब्दापासून तोडला की त्याला आधार देणारा मागचा शब्दही तुटतो. अशा वेळी शब्द न तोडता नेहमीच्या गतीने, पण वाक्य थोडे मोठे करून बोललेले अधिक चालते. ‘दादाचा डबा तयार झाला आहे, तो घेऊन जा’ असे म्हटले की ‘तो’ आणि ‘झाला’ या दोन्ही शब्दांमुळे पुल्लिंगी ‘डबा’चे पारडे जड होते.

दोष उच्चारभेदाचा की फोनच्या माइकचा, हे ओळखायला फारसे काही लागत नाही. मी तोच फोन त्याच खोलीत पुण्याहून आलेल्या मामीच्या हातात दिला आणि दोघींकडून तेच वाक्य दहा-दहा वेळा म्हणून घेतले. मामीचे प्रत्येक वेळी बरोबर आले आणि आत्याचे बहुतेक वेळा चुकले, म्हणजे माइक निर्दोष होता. मात्र काही जुने बिनतारी हेडफोन सेकंदाला फक्त ८,००० मोजमापे पाठवतात आणि तितक्या मोजमापांत ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज मावत नाही. ज्या पट्ट्यात दंततालव्य च ओळखू येतो तोच पट्टा कापला गेला, तर मामीचेही ‘चा’ अडचणीत येऊ शकतात. म्हणून अशी तपासणी हेडफोन काढून करावी.

या चुका बनवणाऱ्यांच्या नजरेतून का सुटतात, तेही मोजणीच्या पद्धतीत दडलेले आहे. समजा, तपासणीच्या १,००० वाक्यांत ग्वाल्हेरकडची २० आहेत, सगळी वाक्ये सारख्याच लांबीची आहेत, इतरांचे १०० पैकी १० शब्द चुकतात आणि या वीस वाक्यांत ४०. एकूण सरासरी भरते १०.६. चौपट त्रास त्या दशांशात विरून जातो. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय भाषकांसाठी वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा चुकांचे प्रमाण शंभर शब्दांमागे ३५ आणि १९ असे निघाले. दोन्ही गटांनी बोललेले तेच शब्दसमूह शेजारी ठेवून पाहिल्यावर दोष व्याकरणात किंवा शब्दसंग्रहात नसून ध्वनी ओळखणाऱ्या भागात असल्याचे त्यांना दिसले. आत्याच्या वाक्याचेही तेच झाले आहे. तिचे व्याकरण पुण्याच्या व्याकरणाहून वेगळे नाही.

उपाय म्हणून ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या घरांतले बोलणे शिकवणीत घालावे लागेल, हे उघड आहे. त्यातली एक खोच मात्र सहज सुटते. असे ध्वनिमुद्रण लिहून काढायला पुण्यातल्या कोणाकडे दिले आणि त्याने ऐकू आले तसे ‘दादाच्या डबा’ लिहिले, तर यंत्र जी चूक विसरायला हवे तीच अधिक पक्की करेल. लिहिणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते की कानाला तालव्य लागले तरी अर्थाने ‘चा’ असेल तिथे ‘चा’च लिहावे. तसे लिहिले, की आत्याच्या स्पष्ट य कडे लक्ष द्यायला यंत्र आपोआप शिकू शकते, कारण तो य चित्रात दिसतो : त्या जागी तोंडातल्या अनुनादाचा दुसरा पट्टा २,००० हर्ट्झच्या वरून खाली उतरत ‘आ’पर्यंत येतो.

आत्याच्या नातवाचे बोलणे अधिक अवघड आहे. त्याचा ‘चा’ हिंदीसारखा तालव्य आहे आणि ‘च्या’ त्याने पुण्याच्या चुलत भावंडांकडून य गाळून उचलला आहे, त्यामुळे त्याच्या तोंडी दोन्ही रूपे एकसारखी झाली आहेत. त्याच्यासाठी आवाजाच्या चित्रात शोधण्यासारखे काही उरत नाही. तिथे यंत्राने पुढचा शब्द पूर्ण होईपर्यंत दोन्ही पर्याय हातात धरून थांबावे लागते. ‘डबा’ आला तर ‘दादाचा’, ‘डब्यात’ आला तर ‘दादाच्या’. आत्या त्याचे बोलणे ऐकताना हेच करते.