मोठ्यांची एक गोळी, मुलाच्या दोन

मुलाला टीबी निघाला की पुण्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतही एक प्रश्न हमखास येतो: आजोबांचीच गोळी मोडून दिली तर काय बिघडलं?

हिशेब करून बघू. मोठ्यांच्या एका गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथाम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. मुलांच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत पहिली तीनच, अनुक्रमे 50, 75 आणि 150. दहा किलोच्या मुलाला अशा दोन गोळ्या मिळतात, म्हणजे किलोमागे 10, 15 आणि 30 मिलिग्रॅम. त्याऐवजी मोठ्यांची एक दिली, तर रिफाम्पिसिन तेवढंच जातं, पण आयसोनियाझिड साडेसातवर घसरतं आणि इथाम्ब्युटॉल साडेसत्तावीसवर चढतं. मुलांसाठी त्याची मर्यादा 25 आहे. हे औषध दृष्टीच्या नसेला इजा करू शकतं आणि ‘रंग नीट दिसत नाहीत’ हे लहान मूल सांगणार कसं? म्हणून ते 100 मिलिग्रॅमच्या वेगळ्या गोळीतून मोजून देतात.

आता माझा आवडता भाग. मोठ्यांना आयसोनियाझिड किलोमागे 5 मिलिग्रॅम पुरतं, मग मुलाला दुप्पट का? यकृतातलं एक विकर या औषधाला ॲसिटिल गट चिकटवून ते निकामी करतं. लहान मुलाचं यकृत शरीराच्या मानाने मोठं असतं. औषध निकामी करून बाहेर टाकण्याची क्षमता वजनाच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर साधारण पाऊण घाताने वाढते. साठ किलोच्या माणसापुढे दहा किलोचं मूल वजनाने सहावा हिस्सा, पण या क्षमतेने जवळजवळ चौथा. म्हणजे किलोमागे दीडपट वेग. नुसत्या गणिताने मात्रा आठच्या आसपास येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये 10 ची शिफारस केली. चार किलोखालच्या बाळांना मात्र वजनावरून गोळ्या ठरवायचा तक्ता लावत नाहीत. तिथे विकरच अजून कच्चं असतं.

वजनगट सोपे आहेत: 4 ते 7 किलोला एक गोळी, 8 ते 11 ला दोन, 12 ते 15 ला तीन, 16 ते 24 ला चार. सोपेपणाची किंमतही आहे. दोन गोळ्यांत आठ किलोच्या मुलाला पायराझिनामाइड किलोमागे 37.5 मिळतं, अकरा किलोच्याला जेमतेम 27. तेवढी तफावत चालवून घेतात. पण ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून घरच्या घरी एक कमी केली, तर अकरा किलोच्या मुलाला निम्मंच औषध जातं. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनच्या स्वतःच्या रंगामुळे, उष्णतेमुळे नव्हे.

म्हणूनच दर महिन्याला वजन करायचं. उपचार लागू पडून सात किलोचं मूल आठवर गेलं की गोळी एकाची दोन होते. पालक घाबरतात, आजार बळावला म्हणून वाढवली असं त्यांना वाटतं. खरं तर मूल अंग धरतंय.