रेग्युलर भाषांना मधला वेग का नाही

रेग्युलर भाषेतल्या n लांबीच्या स्ट्रिंगची संख्या एकतर बहुपदी वेगाने वाढते किंवा घातांकी, मधल्या वेगाने कधीच नाही. असं का, हा आजचा विषय. डीएफए, म्हणजे प्रत्येक अक्षरावर पुढचं स्टेट पक्कं ठरवून रेग्युलर भाषा ओळखणारं मशीन, दिलेला असेल तर n लांबीच्या स्ट्रिंग किती, हे मोजण्याची रीत 1950 च्या दशकातच ठरून गेली होती. कोणत्या स्टेटमधून कोणत्या स्टेटमध्ये किती बाण जातात त्याची मॅट्रिक्स मांडायची आणि तिचा n वा घात घ्यायचा. आजच्या विषयातलं निम्मं उत्तर त्या मॅट्रिक्समध्येच होतं, पण ते चित्रात जास्त चांगलं दिसतं.

सुरुवातीच्या स्टेटपासून पोहोचता येतं आणि जिथून पुढे स्वीकाराच्या स्टेटपर्यंत जाता येतं, एवढीच स्टेट ठेवा. आता समजा एखाद्या स्टेटमधून निघून त्याच स्टेटला पहिल्यांदा परत येण्याचे दोन वेगळे फेरे आहेत, u आणि v. मशीन डिटरमिनिस्टिक असल्यामुळे दोन्ही फेरे कुठल्या तरी अक्षरावर फुटतात, म्हणजे कुणीही दुसऱ्याचा आरंभभाग नसतो. त्यामुळे uv आणि vu या सारख्याच लांबीच्या, पण वेगळ्या स्ट्रिंग झाल्या. असे k तुकडे जोडताना प्रत्येक वेळी दोन पर्याय, म्हणून किमान 2^k स्ट्रिंग. वाढ घातांकी.

असं स्टेट एकही नसेल तर प्रत्येक स्टेट फार तर एकाच फेऱ्यात असतं. एकदा फेऱ्यातून बाहेर पडलं की परत येणं नाही. मग स्ट्रिंग कशी ठरते? वाटेतल्या प्रत्येक फेऱ्यावर किती वेळा घुमायचं, एवढ्यावरून. वाटेत k फेरे असतील तर n लांबी त्यांच्यात वाटण्याचे मार्ग n^(k-1) च्या पटीत राहतात. तिसरी शक्यता उरत नाही.

a*b*c* मध्ये तीन फेरे एकापुढे एक आहेत, आणि n लांबीच्या स्ट्रिंग (n+1)(n+2)/2. उलट a आणि b च्या ज्या स्ट्रिंगमध्ये bb कधीच येत नाही, त्यांच्या मशीनमध्ये सुरुवातीच्याच स्टेटला a आणि ba असे दोन फेरे आहेत. त्यांची संख्या फिबोनाची. लांबी 7 ला पहिली भाषा 36 आणि दुसरी 34, म्हणजे बहुपदी अजून पुढेच. लांबी 8 ला 45 आणि 55. लांबी 20 ला 231 आणि 17,711. लहान n चे आकडे बघून निकाल देऊ नये तो यासाठी.

हाताने तपासताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. डेड स्टेट, म्हणजे जिथून स्वीकारापर्यंत वाटच नाही ते, काढायचं राहिलं तर a*b*c* सुद्धा घातांकी वाटते, कारण डेड स्टेटवर तिन्ही अक्षरांचे फेरे असतात. आणि फेरे एनएफएवर, म्हणजे एकाच अक्षरावर अनेक वाटा चालणाऱ्या मशीनवर, मोजले तर (a|aa)* फसवते. तिथे फेरे दोन दिसतात, पण uv आणि vu दोन्ही aaa च, आणि प्रत्येक लांबीला स्ट्रिंग एकच.

खरा घोळ मात्र 'प्रत्येक लांबीला' या शब्दांत आहे. ((a|b)(a|b))* घ्या. सम लांबीला 2^n स्ट्रिंग, विषम लांबीला शून्य. तिच्यात विषम लांबीच्या निव्वळ a च्या स्ट्रिंग घातल्या तर सम लांबीला 2^n आणि विषमला 1. मग ही भाषा प्रत्येक लांबीला घातांकी म्हणायची का? शब्दशः नाही. यावर दोन परंपरा पडल्या. एक म्हणते की नेमक्या n लांबीच्याच मोजा, आणि अनंत लांबींना घातांकी संख्या येत असेल तर भाषा घातांकी धरा. दुसरी n पर्यंतच्या सगळ्या मोजते. दुसऱ्या रीतीत वरची खाचखळगी बुजून जाते, पण बहुपदीचा घात एकाने चढतो: a*b*c* पहिल्या रीतीत n^2, दुसरीत n^3. दोन लेखांतले घात जुळेनात तर आधी हे बघावं. मला पहिली रीत बरी वाटते. लांबी दोनाने भागली जाते की नाही याचा परिणाम ही भाषेबद्दलची माहितीच आहे, ती बेरजेत का घालवायची?

पुढे हा विषय ग्रुप थिअरीच्या लोकांनी उचलला. ग्रुपची वाढ म्हणजे n अक्षरांपर्यंतच्या शब्दांनी त्याचे किती वेगळे घटक लिहिता येतात ते. ती बहुपदी आणि घातांकी यांच्या मध्ये असू शकते का, असा प्रश्न 1968 मध्ये विचारला गेला, आणि 1980 च्या दशकात तसा ग्रुप सापडला. रेग्युलर भाषांना तिसरी शक्यता नाही, यातून लगेच निष्कर्ष निघतो: ज्या ग्रुपच्या प्रत्येक घटकासाठी एकेक सर्वांत आखूड शब्द निवडून रेग्युलर भाषा बनते, त्याची वाढ मधली असूच शकत नाही. कॉन्टेक्स्ट-फ्री भाषांनाही हाच द्विभाग लागू पडतो. तो प्रमेय तर एकमेकांचा पत्ता नसलेल्यांनी पुन्हा पुन्हा सिद्ध केला.

त्यापलीकडे गेलं की मधली जागा भरते. b ने संपणारे a चे गट, आणि प्रत्येक गटात आधीच्याहून कमी a नकोत, अशा स्ट्रिंग घ्या. प्रत्येक गटाची b धरून लांबी बघितली तर n लांबीच्या स्ट्रिंग म्हणजे n ची विभाजनं, n ला बेरजेत फोडण्याचे क्रम न बघता होणारे मार्ग. ती साधारण e^(c√n) ने वाढतात, हे 1918 पासून माहीत आहे. n=100 ला 190,569,292. बहुपदीपेक्षा वेगवान, घातांकीपेक्षा मंद, आणि म्हणूनच ही भाषा रेग्युलर नाही.